कंबर आत घेताना मागची चौकट सरळ कशी ठेवायची

प्रश्न: मी लग्नाच्या फोटोंचं एडिटिंग करतो. नवरीची कंबर किंचित बारीक करून द्या असं बरेचदा सांगतात. फोटोशॉपमध्ये लिक्विफायने केली की मागच्या दाराच्या, भिंतीच्या रेषा वाकतात आणि बघणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. फ्रीझ मास्क लावून पाहिला, तरी नीट होत नाही. माझं काय चुकतंय?

उत्तर:

तुमचा हात चुकत नसावा. फ्रीझ मास्ककडून तुम्ही जे काम मागताय ते त्याचं कामच नाही. लिक्विफायमध्ये कंबर आत ढकलली की शरीराच्या कडेला थोडी जागा मोकळी होते. ती कशाने तरी भरावी लागते, आणि लिक्विफायकडे नवीन काही आणायची सोय नाही, म्हणून शेजारची पार्श्वभूमी ताणून ते ती जागा भरतं. त्या पार्श्वभूमीत दाराची चौकट असेल तर चौकट ताणली जाते. आता शेजारची पार्श्वभूमी फ्रीझ केली म्हणजे ताणायलाही काही उरलं नाही. मग एक तर कड हलतच नाही, नाहीतर तुटक, दुहेरी दिसते. म्हणून तुम्ही कडेपासून थोडं अंतर सोडून फ्रीझ करत असाल. तेव्हा सगळा ताण त्या अरुंद फटीत जमा होतो आणि आधी जी रेषा सावकाश वळत होती, तिला तिथे एकदम बाक येतो. म्हणजे दोन्हीकडून अडचण. फ्रीझ मास्क लांबच्या वस्तू वाचवतो. शरीराला लागून असलेली रेषा तो वाचवू शकत नाही.

ब्रश हातात घेण्याआधी एकच गोष्ट बघायची: मागची रेषा कोणत्या दिशेने जाते आहे आणि मी कोणत्या दिशेने ढकलणार आहे. रेषेच्याच दिशेने ढकललं तर रेषा स्वतःवरच घसरते, वाकत नाही. रेषेला आडवं ढकललं तर जेवढं ढकललं तेवढी वाकते. कंबर आपण आडवीच ढकलतो, डावी कड उजवीकडे आणि उजवी कड डावीकडे. म्हणून विटांच्या आडव्या दरजा, पायऱ्या, कट्ट्याची कड, क्षितिज या गोष्टी बऱ्याचशा सुखरूप राहतात. दाराची चौकट, खिडकीचे गज, खांब, पडद्याच्या चुण्या, दोन फरशांमधला उभा सांधा या उभ्या गोष्टी मात्र घात करतात.

तिरक्या रेषांचं काय, तर हिशेब सोपा आहे. समजा कंबर एका बाजूने 10 पिक्सेल आत घ्यायची आहे. कॅमेरा किंचित तिरका असल्यामुळे विटांची ओळ 3 अंश कललेली आहे. तर आडव्या ढकलण्याने ती ओळ जागेवरून जेमतेम अर्धा पिक्सेल सरकेल. ते कोणालाच दिसत नाही. ओळ 20 अंश कललेली असेल तर साडेतीन पिक्सेलच्या आसपास सरकेल आणि मोठ्या प्रिंटमध्ये ते कळेल. उभ्या रेषेला पूर्ण 10 पिक्सेलचा बाक. म्हणून फोटो उघडल्यावर मी आधी फक्त मागचं बघतो, माणसाकडे नंतर वळतो.

नियम एवढाच असला तरी प्रत्यक्षात तो कसा वापरायचा ते एका फोटोवरच सांगतो. नवरी नऊवारीत, जुन्या वाड्याच्या दारापाशी उभी आहे. फोटो उभा, 4000 गुणिले 6000 पिक्सेलचा. आपल्या डाव्या हाताला लाकडी फळ्यांचं दार आहे. फळ्यांमधल्या उभ्या खाचा स्पष्ट दिसतात, आणि एक खाच कमरेच्या कडेला लागूनच खाली उतरते आणि नितंबामागे नाहीशी होते. आपल्या उजव्या हाताला विटांची भिंत आहे. त्या बाजूचा तिचा हात कमरेवर टेकलेला आहे, आणि हात व कमर यांच्यामध्ये एक त्रिकोणी फट आहे. त्या फटीतूनही विटा दिसतात. एकाच फोटोत दोन्ही प्रकार आले आहेत म्हणून हा निवडला.

आधी किती घ्यायचं ते ठरवा. या फोटोत सर्वांत अरुंद जागी कंबर 640 पिक्सेल रुंद आहे. मी डावीकडून 12 आणि उजवीकडून 10 घेतले, म्हणजे एकूण 22, साडेतीन टक्क्यांहून थोडं कमी. "किंचित" या शब्दाचा माझ्या लेखी अर्थ दोन ते चार टक्के असा आहे. आकडा ऐकून कमी वाटेल, पण आधीचा आणि नंतरचा फोटो आलटून पालटून दाखवला की फरक दिसतो. नुसता नंतरचा दाखवला तर काही केलंय असं वाटत नाही, आणि आपल्याला तेच हवं आहे. त्यापुढे गेलं की छाती आणि नितंब यांच्याशी कमरेचं प्रमाण बिघडतं, कमरपट्टा चिमटल्यासारखा दिसतो, आणि घरातल्या माणसांना ही आपली मुलगी वाटत नाही. दुसरं म्हणजे फोटो वाइड लेन्सने काढलेला असेल आणि नवरी फ्रेमच्या कडेला उभी असेल, तर लेन्समुळेच ती रुंद दिसते. अशा वेळी नुसती कंबर ओढू नका, कारण खांदे आणि दंडही तितकेच रुंदावलेले असतात.

रॉ फाइलमधून फोटो उघडताना लेन्स प्रोफाइलची दुरुस्ती आधीच करून घ्या. लेन्समुळे चौकट मुळातच बाहेर फुगलेली असेल, तर बाक लेन्सचा की तुमच्या ब्रशचा हे नंतर ठरवता येत नाही.

आता विटांची, म्हणजे सोपी बाजू.

इथे शरीर वेगळं कापायची गरज नाही. लेयरची कॉपी घ्या, तिच्यावर राइट क्लिक करून `Convert to Smart Object` करा आणि मग `Filter > Liquify` उघडा. स्मार्ट ऑब्जेक्टमुळे लिक्विफाय नंतर कधीही पुन्हा उघडून कमी-जास्त करता येतं. आत गेल्यावर फ्रीझ मास्कने कमरेवरचा हात, विशेषतः बोटं आणि बांगड्या, पूर्ण झाकून घ्या. फ्रीझची खरी जागा ही आहे. कंबर आत जाणार, फट किंचित रुंद होणार, पण हात तसूभरही हलता कामा नये. बोटं बारीक झाली की आधी तीच नजरेत भरतात.

मग `Forward Warp Tool`. अशा फोटोसाठी मी `Size` 500 ते 600 ठेवतो, `Pressure` 25 च्या आसपास, `Density` 50, आणि `Pin Edges` चालू. लहान ब्रशने कडेला खळगे पडतात, मोठ्याने कड सलग वळते. पण ब्रश मोठा झाला की पार्श्वभूमीही जास्त सापडते, म्हणून ब्रशचा मध्य कडेवर न ठेवता थोडा शरीराच्या आत ठेवा. वर्तुळाचा मोठा भाग साडीवर आणि थोडाच भिंतीवर पडला पाहिजे. कमरेच्या सर्वांत अरुंद जागी दोन-तीनदा थोडं थोडं ढकला, मग त्याच्या वर आणि खाली त्याहून कमी, आणि बरगडीपाशी पोचेपर्यंत शून्य. एकाच दणक्यात दहा पिक्सेल ओढू नका.

विटांच्या दरजेच्या दिशेनेच ढकलायचं आहे आणि हात तितका सरळ जात नाही. म्हणून एकदा क्लिक करा, मग शिफ्ट दाबून जिथपर्यंत न्यायचं तिथे क्लिक करा. फोटोशॉप त्या दोन जागांमध्ये सरळ रेषेत ढकलतं. कल 3 अंशांचा असेल तर दुसरं क्लिक त्या कलाने करा, मग तो अर्धा पिक्सेलही वाचतो.

विटांमधले छोटे उभे सांधे थोडे सरकतात हे खरं. पण वाड्याच्या विटा मुळातच एकसारख्या नसतात, आणि एक सांधा एका विटेच्या उंचीपुरताच असतो, त्यामुळे ते पचून जातं. नव्या फ्लॅटमधल्या एकसारख्या मोठ्या फरशा मागे असतील तर पचत नाही. तिथे एक फरशी बाकीच्यांपेक्षा रुंद झालेली चटकन दिसते. अशा भिंतीला उभ्या रेषांची भिंत समजा आणि पुढची पद्धत वापरा.

डावीकडची, लाकडी दाराची बाजू. इथे पार्श्वभूमी ढकलायचीच नाही. शरीराची कड वेगळी करायची, ती एकटी हलवायची, आणि ती हलल्यामुळे जी पट्टी उघडी पडेल तेवढीच मागे भरून ठेवायची. लोक या पद्धतीला भितात, कारण त्यांना वाटतं की पूर्ण नवरी कापायची, केस कापायचे, गजरा कापायचा आणि मग अख्खं दार नव्याने बनवायचं. यातलं काही लागत नाही. कंबर 12 पिक्सेल आत जाणार असेल तर मागे 12 पिक्सेलचीच पट्टी उघडी पडणार. सुरक्षिततेसाठी 30 धरा. आणि कापायचा आहे तो काखेपासून मांडीच्या मध्यापर्यंतचा धडाचा तुकडा, तोही फक्त या एका बाजूने. जिथे तुकडा हलत नाही तिथे खालच्या लेयरशी तो तंतोतंत जुळतो, त्यामुळे जोड दिसायचा प्रश्नच नाही.

ही बाजू मी उजवीकडचं काम पूर्ण होऊन पसंत पडल्यावर घेतो. उजवीकडच्या निकालाची एक मर्ज केलेली कॉपी घेतो आणि तिच्यावर डावीकडचं करतो. स्मार्ट ऑब्जेक्टचा लेयर खाली तसाच बंद करून ठेवतो.

कापायला पेन टूल वापरा. आपोआप सिलेक्शन केसांसाठी बरं असतं, पण कमरेच्या सरळ सोट कडेला ते कधी आत कधी बाहेर जातं, आणि ही कड तर आपण हलवणार आहोत. पाथ कडेच्या एक-दोन पिक्सेल आतून काढा. अगदी कडेवरून काढला तर दाराच्या रंगाची बारीक किनार साडीबरोबर चिकटून येते. शरीराच्या आतल्या बाजूने पाथ कसाही फिरवून बंद केला तरी चालतो, फक्त कडेपासून चांगला लांब, पोटाच्या मध्यापर्यंत न्या. सिलेक्शन करताना अर्धा ते एक पिक्सेल फेदर द्या. फोटोत ती कड जेवढी मऊ आहे तेवढंच, जास्त नाही. मग मर्ज केलेल्या लेयरची आणखी एक कॉपी वर घ्या आणि या सिलेक्शनचा मास्क तिला लावा. वर काखेपाशी आणि खाली मांडीपाशी मात्र मऊ ब्रशने मास्क हळूहळू विरवून टाका.

आता एक जागा अशी आहे जिथे मी स्वतः बरेच दिवस अडलो होतो. मास्क लावलेल्या लेयरवर तसंच लिक्विफाय केलं तर चित्र हलतं, मास्क हलत नाही. कंबर आत जाते, पण मास्कची कड जुन्याच जागी असते, आणि मधल्या जागेत त्याच लेयरमधलं लपवलेलं, ताणलेलं दार दिसू लागतं. मग वाटतं की वेगळं करूनही रेषा वाकल्याच. उपाय साधा आहे: मास्क पूर्ण झाल्यावर त्या लेयरचा स्मार्ट ऑब्जेक्ट करा. मास्क आत जातो, आणि लिक्विफाय कापलेल्या तुकड्यालाच धरून हलवतं.

खालच्या लेयरवर जुनी, रुंद कंबर अजून आहेच. तिची कड पुसून दार आत वाढवायचं आहे. कापलेल्या तुकड्याच्या खाली नवीन रिकामा लेयर घ्या, क्लोन स्टॅम्पला `Current & Below` सांगा, वरचा तुकडा तात्पुरता बंद करा. सुरुवात जुन्या कडेच्या चार-पाच पिक्सेल बाहेरून करा, कारण कडेचा धूसरपणा आणि साडीच्या रंगाची झाक तेवढी बाहेर पसरलेली असते. ती राहिली तर काम झाल्यावर कमरेच्या बाहेर जुन्या कमरेची एक पुसट रेघ उरते. असं बारा पिक्सेलवरचं जुनं भूत मी दुसऱ्यांच्या अल्बममध्ये पुष्कळदा पाहिलं आहे.

क्लोन करताना लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच उचला, म्हणजे वरून उचलून खाली ठेवा. शेजारच्या फळीवरून आडवं उचललं तर लाकडाच्या रेषा जुळत नाहीत. नितंबामागे जाणारी ती खाच कमरेपाशी आता थोडी जास्त खालपर्यंत दिसायला हवी. वर जिथे खाच स्पष्ट आहे तिथे आल्ट दाबून अगदी तिच्या मध्यावर क्लिक करा. मग खाली, खाच जिथे लपते त्याच्या थोडं वर, तिच्याच मध्यावर ब्रश आणा. ब्रशच्या वर्तुळात उचललेल्या भागाची झलक दिसते, ती खालच्या खाचेवर बरोबर बसेपर्यंत हलवा आणि मग ओढा. पट्टीची लांबी जास्त असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या जागांवरून उचला. एकाच ठिकाणचं उचललं तर लाकडातली गाठ दोनदा दिसते. दार खाली जाताना सावलीत जात असेल तर उचललेला तुकडा उजळ पडतो. तेव्हा उचलण्याची जागा जितकी जवळ घेता येईल तितकी घ्या.

नवरी दारापासून दोन-तीन फूट पुढे उभी असेल तर एवढं पुरतं. ती दाराला टेकून उभी असेल किंवा समोरून फ्लॅश मारल्यामुळे कडेलगत सावली पडली असेल, तर कंबर आत गेली की सावलीही तेवढी आत गेली पाहिजे. नाहीतर सावली आणि शरीर यांच्यात उजेडाची फट राहते. अशा फोटोत सावलीची पट्टी मी शरीराच्या तुकड्याबरोबरच कापतो आणि तिच्या बाहेरच्या कडेला जास्त फेदर देतो. काम वाढतं, आणि खाच त्या सावलीतूनच जात असेल तर ती परत सरळ करावी लागते.

मागचं तयार झालं की वरचा तुकडा चालू करून लिक्विफाय उघडा. आत `Show Backdrop` चालू करा आणि `Mode` मध्ये `Behind` निवडा, म्हणजे भरलेलं दार मागे दिसत राहतं. बाहेरच एक उभी गाइड लाइन नव्या कडेच्या जागी, जुन्या कडेपासून 12 पिक्सेल आत लावून ठेवली असेल तर लिक्विफायमध्ये `Show Guides` करून ती दिसते, आणि थांबायचं कुठे हा प्रश्न उरत नाही. काखेपाशी आणि मांडीपाशी जिथे तुकडा विरतो ते दोन्ही भाग फ्रीझ करा, कारण तिथे किंचितही हललं तर खालच्या लेयरशी दुहेरी दिसतं. आणि आता मोठा ब्रश बिनधास्त घ्या, 800 किंवा 900 चा. मागे ढकलायला काही नाहीच. मोठ्या ब्रशचा फायदा साडीवर दिसतो: काठावरची नक्षी आणि कमरपट्ट्याचे मणी कडेला एकदम चिमटत नाहीत, आकुंचन पोटापर्यंत पसरतं. कमरपट्ट्याच्या मधल्या पदकाची आणि निऱ्यांची जागा मात्र हलू देऊ नका. तिथपर्यंत ब्रशची कड पोचत असेल तर तोही भाग फ्रीझ करा.

थोडं जास्त झालं असं वाटलं तर उलटं ढकलत बसू नका. `Reconstruct` बटण दाबलं की एक स्लायडर येतो, त्यावर सगळा बदल एकदम सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आणता येतो. पुढे-मागे ढकलल्याने पोत मऊ पडतो आणि कड लहरी होते.

आता तपासणी. हा भाग लोक टाळतात. कमरेवर 200 टक्के झूम करून दिवसभर बसलं की डोळा त्या बाकाला सरावतो. वाकलेली रेषा जवळून दिसत नाहीच, ती लांबून दिसते. फोटो 25 टक्क्यांवर आणा आणि `Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal` करून आडवा उलटा करा. नवीन फोटो बघतोय असं वाटतं आणि कुठे काही फुगलेलं असेल तर पहिल्या सेकंदात दिसतं. बघून झालं की परत सुलटा करायला विसरू नका.

पण डोळ्यापेक्षा पक्की तपासणी वेगळी आहे. मूळ, न बदललेल्या लेयरची कॉपी सगळ्यांच्या वर ठेवा आणि ब्लेंड मोड `Difference` करा. जिथे काही बदललं नाही तिथे काळं दिसतं, जिथे बदललं तिथे उजेड. फार अंधारं वाटलं तर वर एक `Levels` लेयर टाकून उजळ करा. साडी हलली तेवढी चमकणारच, पण डावीकडे शरीराबाहेर फक्त कमरेच्या कडेलगत एक बारीक पट्टी चमकली पाहिजे आणि बाकी दार पूर्ण काळं राहिलं पाहिजे. दारात एखादी लांब उभी चमकती रेघ दिसली तर ती खाच जागेवरून सरकलेली आहे, डोळ्याला पटो वा न पटो. उजवीकडे विटांच्या उभ्या सांध्यांवर छोटे ठिपके चमकतील, ते ठीक आहे. आडव्या दरजा लांबवर चमकत असतील तर तुमचं ढकलणं तिरकं झालंय.

अजून एक तपासणी अशी की शरीराच्या मागून जाणारी कोणतीही आडवी रेषा एका बाजूने आत शिरते त्याच उंचीवर दुसऱ्या बाजूने बाहेर आली पाहिजे. उजवीकडच्या त्रिकोणी फटीत हे नेहमी बिघडतं. फटीतल्या विटेची दरज आणि हाताच्या पलीकडची तीच दरज यांच्यावर एक आडवी गाइड लाइन टाका. ओळ कललेली असेल तर लाइन टूलने पातळ रेषा काढून बघा आणि मग पुसा. फट लहान असते, तिच्यात चूक झाकली जाईल असं वाटतं, पण बघणाऱ्याची नजर त्या फटीवरच जाते, कारण तिथे उजेड असतो.

एकदा माझ्या हातून अशी चौकट सुटली होती. अल्बमच्या मोठ्या पानावर नवरी मधोमध, मागे सागवानी दार. कंबर आत घेताना डावीकडची चौकट बाहेरून आत झुकली होती, सहा-सात पिक्सेल असेल. मला दिसली नाही, घरच्या कोणाला दिसली नाही. नवरीचे वडील सुतारकाम करणारे. त्यांनी पान उघडलं, लेकीकडे बघायच्या आधी चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे दार मी बसवलंय, ते वाकडं नाही." ते पान मी परत करून दिलं, छपाईचा खर्च माझा. तेव्हापासून `Difference` न लावता एकही फोटो छापायला जात नाही.

काही फोटोंना मी नाही म्हणतो. मागे बारीक जाळी असेल, नक्षीचं लोखंडी फाटक असेल, आणि नवरीचा पदर अर्धपारदर्शक असून त्यातून ती जाळी दिसत असेल, तर कड कुठे संपते हेच ठरत नाही. पदराच्या आतली जाळी ढकलली की बाहेरच्या जाळीशी तुटते. तिथे त्याच प्रसंगाचा दुसरा फोटो निवडायला सांगतो. तसंच दोन्ही हात कमरेवर घट्ट टेकलेले असतील तर कमरेबरोबर हातही हलवावे लागतात, मग कोपर, मग खांदा. साडेतीन टक्क्यांसाठी एवढं करण्यात अर्थ नाही. उलट मागचं पुरतं धूसर असेल, झाडी किंवा आकाश असेल, तर हे सगळं वेगळं कापणं विसरा आणि सरळ लिक्विफाय करा. झाडीत वाकायला काही नसतं.

तुमच्याकडे आधीच वाकलेल्या फाइली पडून असतील आणि मूळ फोटो हाताशी असेल, तर सगळं पहिल्यापासून करायची गरज नाही. मूळ फोटो त्याच आकारात खाली ठेवा, लिक्विफाय केलेल्या लेयरला मास्क लावा आणि पार्श्वभूमीवर काळ्या रंगाने रंगवा, म्हणजे मूळ सरळ रेषा वर येतील. शरीराच्या जुन्या कडेपर्यंत या. तिथून पुढे रंगवलं तर जुनी कंबर डोकावेल. मग जुनी आणि नवी कड यांच्यामधली जी दहा-बारा पिक्सेलची पट्टी उरते, तिथे रेषा अजून वाकलेलीच असते. तेवढी वर सांगितल्याप्रमाणे क्लोनने भरा. दाराच्या एका खाचेला यात दहा मिनिटं लागतात. मूळ फोटो नसेल तर वाकलेल्या भागाच्या वरचा किंवा खालचा सरळ तुकडा उचलून त्यावर बसवा, म्हणजे निदान चौकट तरी सरळ होईल.